गृहकर्जाच्या व्याजाचे तीन आकडे : एका शिक्षकाच्या विवरणपत्राचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेले एक शिक्षक जून २०२५ च्या अखेरीस प्राप्तिकराचे विवरणपत्र भरण्यासाठी माझ्याकडे आले. तालुक्याच्या गावी एका लेआऊटमधील प्लॉटवर त्यांनी स्वतः राहण्यासाठी घर बांधले आहे. त्यासाठी २०२१ मध्ये बँकेने १८ लाख रुपये मंजूर केले आणि २०२२ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. प्लॉट, घर आणि कर्ज तिन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर असल्याने व्याजाची वजावट कोणी किती घ्यायची हा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो आकड्याचा, कारण आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या व्याजाचे तीन वेगवेगळे आकडे त्यांच्याच पिशवीतून निघाले.

पहिला आकडा कार्यालयाने पगार आणि करकपातीबद्दल दिलेल्या फॉर्म १६ मध्ये होता : १,४७,३५३ रुपये. दुसरा बँकेच्या शाखेने शिक्का मारून दिलेल्या वार्षिक व्याज प्रमाणपत्रात होता : १,३३,४८१ रुपये. तिसरा आकडा कुठेही छापलेला नव्हता. कर्ज खात्याच्या उताऱ्यातील व्याजाच्या बारा नोंदींची मी बेरीज केली तेव्हा तो आला : १,४३,६३२ रुपये.

"भाऊ, बँकेचा शिक्का आहे ना, मग तोच आकडा टाका," असे शिक्षकांचे म्हणणे होते. शिक्क्याचा आकडा सर्वांत कमी असल्याने तो टाकला तर निदान कोणी जास्त वजावट घेतली असे म्हणणार नाही, असाही त्यांचा विचार होता. हा विचार प्रामाणिक होता, पण त्यात त्यांचे नुकसान होते. शिवाय चुकीचा आकडा कमी असला म्हणून बरोबर ठरत नाही.

हा सगळा खटाटोप त्यांच्या बाबतीत करावा लागला याचे कारण करपद्धतीत आहे. नवी करपद्धत आता आपोआप लागू होते आणि तीत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाची वजावट मिळत नाही. त्यामुळे आधी दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहिला. त्यांचा वर्षाचा एकूण पगार १०,२०,००० रुपये होता. नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन कर उपकरासह ४६,२८० रुपये येत होता. जुन्या पद्धतीत ५०,००० ची प्रमाणित वजावट, २,५०० चा व्यवसाय कर, कलम ८०सी चे दीड लाख, राष्ट्रीय पेन्शन योजनेतील जादा ५०,००० आणि घराचे व्याज एवढे वजा जाऊन कर सुमारे ३८,७७० रुपये होत होता. म्हणजे जुनी पद्धत सुमारे साडेसात हजारांनी फायद्याची होती आणि तो फायदा प्रामुख्याने या व्याजावरच उभा होता. स्वतःच्या घरासाठी कलम २४(ब) खाली वर्षाला दोन लाखांपर्यंतच व्याज वजा होते. व्याज अडीच लाख असते तर दहा हजारांच्या फरकाने काहीच बिघडले नसते, कारण वजावट दोन लाखांवरच थांबली असती. इथे तिन्ही आकडे मर्यादेच्या आत होते, म्हणून प्रत्येक रुपयाचा करावर परिणाम होत होता.

आधी फॉर्म १६ मधील आकड्याकडे वळलो, कारण त्याचे उत्तर सोपे होते. पंचायत समितीच्या कार्यालयाने पगारातून करकपात करण्यासाठी जानेवारीच्या सुरुवातीला गुंतवणुकीचे पुरावे मागितले होते आणि शिक्षकांनी ४ जानेवारीला बँकेकडून अंदाजी प्रमाणपत्र काढून फॉर्म १२बीबी सोबत जोडले होते. अंदाजी प्रमाणपत्रात झालेल्या महिन्यांचे व्याज खरे असते आणि उरलेल्या महिन्यांचे गृहीत धरलेले असते. हप्ते वेळेवर येतील, दर बदलणार नाही आणि मधे कोणी जादा रक्कम भरणार नाही, असे धरून संगणक ते काढतो. पण १६ जानेवारीला वडिलांच्या शेतातील कापूस विकून आलेल्या पैशांतले दोन लाख रुपये वडिलांनी मुलाच्या कर्जात भरायला दिले. मुद्दल एकदम दोन लाखांनी उतरले आणि शेवटच्या अडीच महिन्यांचे व्याज अंदाजापेक्षा कमी लागले. जानेवारीत ७८९, फेब्रुवारीत १,३८७ आणि मार्चमध्ये १,५४५ असे एकूण ३,७२१ रुपये कमी लागले. १,४७,३५३ मधून ३,७२१ वजा केले की बरोबर १,४३,६३२ उरतात, म्हणजे उताऱ्याची बेरीज. शेत वडिलांच्या नावावर असल्याने शेतीचे उत्पन्न मुलाच्या विवरणपत्रात आले नाही. ते त्यांच्या स्वतःच्या नावावर पाच हजारांहून अधिक असते तर आयटीआर-१ हा फॉर्मच चालला नसता.

अंदाजी आकडा आणि उतारा यांचा मेळ असा शेवटच्या रुपयापर्यंत लागल्यावर उताऱ्यावर माझा विश्वास बसला. तरीही शिक्का असलेले प्रमाणपत्र बाजूला ठेवायचे तर ते नेमके कुठे चुकले हे दाखवता आले पाहिजे, नाहीतर शाखेत जाऊन बोलणार काय?

उताऱ्यातील बेरीज आणि प्रमाणपत्र यांतील फरक १०,१५१ रुपयांचा होता. प्रमाणपत्र कमी पडले की आधी एखाद्या महिन्याचे व्याज सुटले का ते पाहावे, म्हणून हा आकडा बारा नोंदींत शोधला. एप्रिलची नोंद १२,३१५ रुपयांची होती, डिसेंबरची १२,४१३ ची, जानेवारीची ११,५८५ ची, फेब्रुवारीची ९,७५६ ची आणि मार्चची १०,७४१ ची. १०,१५१ ही नोंद कुठेच नव्हती. मार्चची नोंद जवळ जात होती, पण ५९० रुपयांनी जास्त होती. अशा वेळी "जवळपास जुळते" म्हणून सोडून देण्याचा मोह होतो. हिशेबात जवळपास जुळणे म्हणजे बहुतेक वेळा दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असणे. म्हणून प्रमाणपत्रातील व्याज सोडून बाकीचे आकडे पाहिले.

प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२५ रोजीची शिल्लक १४,०२,८९१ रुपये छापली होती. उताऱ्यात ३१ मार्चच्या रात्रीची शिल्लक १४,१३,६३२ रुपये होती. या दोघांतला फरक बरोबर १०,७४१ रुपये, म्हणजे नेमके मार्चचे व्याज. शिवाय १४,०२,८९१ हा आकडा उताऱ्यात दुसऱ्या एका जागी सापडला. ५ मार्चला हप्ता जमा झाल्यानंतरची शिल्लक हीच होती. मग प्रमाणपत्राच्या तळाशी लहान अक्षरांत असलेली छपाईची तारीख पाहिली, तर ती २७ मार्च २०२५ निघाली. वर कालावधी "१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५" असा होता, पण कागद निघाला तेव्हा मार्चचे व्याज खात्यात पडलेच नव्हते. वर्षअखेरची गर्दी टाळण्यासाठी शिक्षक २७ तारखेलाच शाखेत गेले होते आणि तिथे कोणी त्यांना चार दिवस थांबायला सांगितले नाही.

इथे या बँकेची व्याज आकारण्याची पद्धत समजून घ्यावी लागते, कारण तिच्यावाचून उतारा वाचता येत नाही. रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजले जाते आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकाच नोंदीने कर्ज खात्याला नावे टाकले जाते. हप्ता १७,५०० रुपयांचा असून दर महिन्याच्या ५ तारखेला जमा होतो. मार्चचे व्याज पडताळून पाहू. पहिले चार दिवस शिल्लक १४,२०,३९१ रुपये होती आणि ५ तारखेपासून पुढचे सत्तावीस दिवस १४,०२,८९१ रुपये होती. दर ९ टक्के. चार दिवसांचे व्याज १,४००.९३ रुपये आणि सत्तावीस दिवसांचे ९,३३९.८० रुपये, मिळून १०,७४०.७३, म्हणजे पूर्णांकात १०,७४१. फेब्रुवारीपेक्षा मार्चचे व्याज जास्त कसे, असे शिक्षकांनी विचारले, कारण मुद्दल तर कमीच होत होते. फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा आणि मार्च एकतीस दिवसांचा, एवढेच त्याचे कारण. दिवसाला पडणारे व्याज काढले तर फेब्रुवारीत ते ३४८ रुपयांच्या आसपास आणि मार्चमध्ये ३४६ रुपयांच्या आसपास येते, म्हणजे ते कमीच झाले आहे. रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ ला रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला होता, पण या खात्याचा दर बदलण्याची तारीख १ एप्रिल असल्याने या वर्षाच्या व्याजात तो बदल आला नाही. तो मार्चमध्येच लागू झाला असता तर मार्चच्या पडताळणीत नवा दर धरावा लागला असता.

आता ३१ मार्चला नावे पडलेले हे व्याज त्यांच्या हातून प्रत्यक्षात ५ एप्रिलच्या हप्त्यातून गेले. मग ते कोणत्या वर्षाचे? कलम २४(ब) मध्ये व्याज ज्या वर्षाचे देय झाले त्या वर्षी वजा होते. ते नंतर भरले तरी चालते. त्यामुळे मार्च २०२५ चे व्याज २०२४-२५ मध्येच बसते. याच न्यायाने ३१ मार्च २०२४ ला नावे पडलेले व्याज मागच्या वर्षात गेलेले असते आणि १ एप्रिल २०२४ च्या १६,८०,००० रुपयांच्या सुरुवातीच्या शिल्लकेत ते मिसळलेले असते. ते पुन्हा मोजायचे नसते. कलम ८०सी खालच्या मुद्दलाचा नियम मात्र उलटा आहे. तिथे त्या वर्षात प्रत्यक्ष भरलेली रक्कमच धरली जाते. एकाच कर्जाच्या दोन भागांना दोन नियम लागतात, आणि मेळ घालताना लोक बहुधा इथेच अडखळतात.

मार्चचे व्याज प्रमाणपत्रातील आकड्यात मिळवले तर १,४४,२२२ रुपये होतात, म्हणजे उताऱ्यापेक्षा ५९० रुपये जास्त. हा ५९० चा आकडा पाहिल्याबरोबर मी उताऱ्यातील सप्टेंबरचे पान उलटले. ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये मिळून ५९० होतात, आणि हप्ता परत गेल्याच्या शुल्काची रक्कम बऱ्याच ठिकाणी अशीच बनलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये पगार उशिरा झाला, ५ तारखेला बचत खात्यात पुरेसे पैसे नव्हते आणि हप्ता परत गेला. ६ तारखेला कर्ज खात्याला ५९० रुपये शुल्क नावे पडले. पगार आल्यावर १४ तारखेला शिक्षकांनी हप्ता आणि शुल्क मिळून १८,०९० रुपये भरले. प्रमाणपत्र काढणाऱ्या प्रणालीने खात्याला नावे पडलेली व्याजाची आणि शुल्काची रक्कम एकाच रकान्यात जमवली होती. हप्ता न वटल्याचा हा दंड म्हणजे वापरलेल्या कर्जावरचे व्याज नव्हे, म्हणून तो आम्ही वजावटीत धरला नाही. हप्ता नऊ दिवस उशिरा आल्याने सप्टेंबरच्या व्याजात जी थोडी वाढ झाली ती मात्र खरे व्याजच आहे आणि ती उताऱ्यातील १२,१६९ रुपयांच्या नोंदीत आहेच.

म्हणजे मार्चचे १०,७४१ रुपये सुटले होते आणि शुल्काचे ५९० रुपये घुसले होते. एक चूक दुसरीतून वजा होऊन १०,१५१ चा, कशाशीच न जुळणारा फरक तयार झाला होता.

मुद्दलाच्या बाजूने हेच तपासून पाहिले, कारण दोन्ही बाजूंनी जुळल्याशिवाय मेळ पुरा झाला असे मी मानत नाही. वर्षभरात बारा हप्त्यांचे २,१०,००० आणि जादा भरलेले २,००,००० असे ४,१०,००० रुपये कर्जापोटी जमा झाले. सुरुवातीची शिल्लक १६,८०,०००, तीत व्याज १,४३,६३२ मिळवले आणि ४,१०,००० वजा केले की १४,१३,६३२ उरतात, आणि हीच उताऱ्याची अखेरची शिल्लक आहे. यातून फेडलेले मुद्दल २,६६,३६८ रुपये येते. प्रमाणपत्रात मात्र ते २,७७,१०९ होते, म्हणजे पुन्हा नेमके १०,७४१ जास्त. जे व्याजातून सुटले ते मुद्दलात जाऊन बसले होते. करापुरते पाहिले तर मुद्दलातल्या या चुकीने शिक्षकांचे काही बिघडणार नव्हते, कारण विमा, पेन्शन कपात आणि अंदाजी प्रमाणपत्रातील ६२,६४७ रुपयांचे मुद्दल यांनीच ८०सी ची दीड लाखांची मर्यादा भरली होती. दोन लाख जादा भरल्याने आणखी काही वजावट मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती, ती मला नाइलाजाने मोडावी लागली. त्या दोन लाखांचा लाभ पुढच्या वर्षांच्या कमी व्याजात आहे. या वर्षाच्या करात तो नाही.

इतके सिद्ध झाल्यावर शिक्षक म्हणाले की मग उताऱ्याचा आकडा टाकून मोकळे व्हावे. मी थांबवले. दोन लाखांच्या मर्यादेतील वजावटीसाठी कर्ज देणाऱ्याचे व्याजाचे प्रमाणपत्र असावे अशी कायद्यातच अट आहे. विवरणपत्राला ते जोडावे लागत नसले तरी उद्या विचारणा झाली तर हाती १,३३,४८१ चा शिक्का आणि विवरणपत्रात १,४३,६३२ असे दिसले असते. उतारा कितीही बरोबर असला तरी आपला आकडा सांगणारे प्रमाणपत्र हवेच होते.

म्हणून शाखेच्या नावे एक पानाचा अर्ज लिहिला. त्यात तक्रारीचा सूर ठेवला नाही, फक्त तीनच गोष्टी मांडल्या : प्रमाणपत्र २७ मार्चला छापलेले असून ३१ मार्चची १०,७४१ रुपयांची व्याजनोंद त्यात नाही, ६ सप्टेंबरचे ५९० रुपयांचे शुल्क व्याजात धरले गेले आहे, आणि अखेरची शिल्लक १४,१३,६३२ असायला हवी. उताऱ्याच्या त्या दोन पानांवर नोंदींखाली पेन्सिलीने रेघा मारून प्रती जोडल्या. पहिल्या दिवशी खिडकीवर "संगणकातून जे येते तेच देतो" असे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेला शिक्षकांनी अर्ज शाखाधिकाऱ्यांसमोर ठेवला आणि शिल्लकेचे दोन आकडे शेजारी शेजारी दाखवले. तेव्हा नवे प्रमाणपत्र काढले गेले. त्यात व्याज १,४३,६३२, मुद्दल २,६६,३६८, अखेरची शिल्लक १४,१३,६३२ असे आले आणि शुल्काची रक्कम वेगळ्या ओळीत आली. अनुभव असा आहे की "तुमचे प्रमाणपत्र चुकले" या वाक्यापेक्षा एका नोंदीवर ठेवलेले बोट अशा वेळी लवकर कामी येते.

विवरणपत्र भरताना या शिल्लकेला या वर्षी आणखी महत्त्व आले होते. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ च्या फॉर्ममध्ये व्याजाच्या वजावटीसोबत कर्ज देणाऱ्याचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, कर्जाची एकूण रक्कम, ३१ मार्चची शिल्लक आणि व्याज हा तपशील भरावा लागतो. आधीच्या प्रमाणपत्रावरून भरले असते तर शिल्लक आणि व्याज हे दोन्ही रकाने बँकेच्या नोंदींशी विसंगत झाले असते. जुन्या करपद्धतीचा पर्याय निवडून फॉर्म १६ वरून आपोआप आलेला १,४७,३५३ चा आकडा खोडला आणि १,४३,६३२ भरला. ३,७२१ रुपयांची वजावट कमी झाल्याने २० टक्के दर आणि ४ टक्के उपकर धरून सुमारे ७७५ रुपये कर जास्त निघाला. तो स्वनिर्धारण कर म्हणून चलनाने भरला आणि मगच विवरणपत्र दाखल केले. शिक्क्याचा पहिला आकडा तसाच टाकला असता तर याच्यावर आणखी सुमारे २,१११ रुपये कर विनाकारण गेला असता.

शिक्षकांनी विचारले की आता पुढच्या वर्षी पुन्हा हेच करावे लागेल का. पूर्ण मेळ घालायचा तर हो, पण पुढच्या वर्षी पहिली खूण लगेच दिसेल. सुटलेले मार्चचे व्याज प्रणालीने २०२५-२६ च्या प्रमाणपत्रात ओढले तर एकाच व्याजाची वजावट दोनदा घेतली जाईल, आणि ती चूक शिक्षकांच्या नावावर पडेल. म्हणून त्यांच्या फाइलच्या आतल्या बाजूला मी दोन ओळी लिहून दिल्या आहेत. प्रमाणपत्र ५ एप्रिलनंतरच काढायचे, आणि त्यातील १ एप्रिल २०२५ ची सुरुवातीची शिल्लक १४,१३,६३२ आहे का ते सर्वांत आधी पाहायचे. तिथे १४,०२,८९१ दिसले तर कागद खिडकीवरूनच परत द्यायचा.